आकडे जुळले, पण ग्रंथालय पोचले का?

एखाद्या वैद्यकाच्या आयुष्यात त्याने वाचलेल्या लेखांची यादी हळूहळू त्याच्या स्वभावाचाच एक भाग होऊन जाते. कोणता लेख कोणत्या रुग्णामुळे शोधला, कोणावर विश्वास ठेवावा, कोणाचे निष्कर्ष आपल्याकडच्या मुलांना लागू पडत नाहीत, हे सारे त्या यादीच्या कडेकोपऱ्यांत साठत जाते. माझी अशी यादी गेली अनेक वर्षे एंडनोट या संगणकप्रणालीत होती. जुना संगणक थकला, नव्या संगणकासाठी नवा परवाना घ्यायचा का असा प्रश्न आला, आणि माझ्या विभागातील तरुण डॉक्टरांपैकी बहुतेक सगळे झोटेरो वापरतात हेही लक्षात आले. झोटेरो 2006 साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात जन्माला आली; ती विनामूल्य आहे आणि तिची मूळ संहिता खुली आहे. तेव्हा सारे बिऱ्हाड तिकडे हलवायचे ठरवले. या स्थलांतरात मला जे दिसले त्यावरून माझे एक स्पष्ट मत बनले आहे. ते मंडळाच्या वाचकांपुढे मांडावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

एका प्रणालीतून दुसरीकडे संदर्भ नेण्याचा जो जुना, सर्वमान्य मार्ग आहे त्याला आरआयएस म्हणतात. ‘रेफरन्स मॅनेजर’ नावाच्या प्रणालीच्या घरचा हा नमुना. त्या प्रणालीची विक्री 2015 अखेर थांबली, पण तिची ही लेखनपद्धत मात्र आजही बहुतेक सगळ्या संदर्भप्रणालींना वाचता येते. तिची रचना इतकी साधी आहे की कोणीही ती डोळ्यांनी वाचू शकतो. प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरांची खूण, मग दोन रिकाम्या जागा, एक आडवी रेघ, पुन्हा एक रिकामी जागा आणि त्यापुढे मजकूर. नोंद `TY` ने सुरू होते आणि `ER` ने संपते.

कृतीही अवघड नाही. एंडनोटमध्ये `File` खाली `Export` निवडायचे, नमुना म्हणून `RefMan (RIS) Export` घ्यायचा आणि साधी मजकूर-फाइल तयार करायची. झोटेरोमध्ये `File` खाली `Import` निवडून ती फाइल दाखवायची, आणि आलेल्या नोंदी एका नव्या संग्रहात ठेवण्याचा पर्याय मान्य करायचा. मी हे एका रविवारी सकाळी केले. एंडनोटमध्ये 1,148 नोंदी होत्या, झोटेरोमध्येही 1,148 आल्या. चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वी काम संपले, आणि मी समाधानाने संगणक बंद केला.

ते समाधान दोन दिवस टिकले. नवजात अर्भकांच्या काविळीवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवायचे होते, म्हणून मी क्रेमर यांचा 1969 चा सुप्रसिद्ध लेख उघडला. कावीळ डोक्याकडून पायांकडे उतरत जाते आणि पिवळेपणा कुठवर पोचला यावरून बिलिरुबिनचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी त्यात मांडले होते. लेखकाचे नाव, शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठे सगळे जागच्या जागी होते. नव्हता तो फक्त माझ्या गुरुजींचा शेरा. आमच्या सरांनी त्या लेखाच्या छायाप्रतीच्या समासात पेन्सिलीने लिहिले होते की, आपल्याकडच्या सावळ्या अर्भकाच्या त्वचेवर हा अंदाज फसतो, शंका असेल तेथे डोळ्यांवर विसंबू नये, रक्त तपासावे. सर गेल्यावर त्यांच्या छायाप्रती माझ्याकडे आल्या. कागद पिवळा पडत होता, अक्षर पुसट होत होते, म्हणून मी तसे तीनशेहून अधिक शेरे स्वतः टंकून एंडनोटमध्ये घातले होते. त्यासाठी `Custom 3` हा मोकळा रकाना घेऊन त्याला ‘शेरा’ असे नावही दिले होते. झोटेरोमध्ये त्यातला एकही शेरा आलेला नव्हता.

अशा वेळी पहिला प्रश्न ‘गेले का’ हा नसून ‘कुठे गेले’ हा असायला हवा. आपण मज्जासंस्थेच्या विकारात आधी जागा ठरवतो आणि मग कारण शोधतो, तसेच येथे. रकाना हरवण्याच्या जागा दोनच आहेत. एक, एंडनोटने तो फाइलीत लिहिलाच नाही. दोन, एंडनोटने लिहिला, पण झोटेरोला तो कुठे ठेवावा हे कळले नाही. या दोन्हींच्या मधोमध ती आरआयएस फाइल उभी असते आणि ती नोटपॅडमध्ये उघडून पाहता येते. हीच या मार्गाची खरी मोलाची गोष्ट. मी फाइल उघडली, तेव्हा क्रेमर यांची नोंद साधारण अशी दिसली (येथे काही ओळी गाळल्या आहेत):

```
TY  - JOUR
AU  - Kramer, L. I.
PY  - 1969
TI  - Advancement of dermal icterus in the jaundiced newborn
T2  - Am J Dis Child
VL  - 118
SP  - 454-8
LB  - B-17
ID  - 412
ER  - 
```

शेरा येथेच नाही. म्हणजे दोष झोटेरोचा नव्हे; तो निर्यातीच्या टप्प्यावरच गळाला. कारण साधे आहे. `RefMan (RIS) Export` हा एंडनोटच्या दृष्टीने ‘व्हँकूवर’सारखाच एक छपाईचा नमुना आहे. त्या नमुन्यात ज्या रकान्यांची नावे लिहिली आहेत तेवढेच तो छापतो. नियतकालिकातील लेखासाठी `Custom 3` त्याच्या साच्यात नव्हता, म्हणून तो छापला गेला नाही, आणि तसे सांगणारी कोणतीही सूचना पडद्यावर आली नाही.

आता `LB` ची ओळ पाहा. `Label` या रकान्यात मी छायाप्रतींच्या खोक्याचा क्रमांक ठेवत असे. B-17 म्हणजे दवाखान्यातील लोखंडी कपाटात ‘ब’ खोक्यातील सतरावी प्रत. ही ओळ फाइलीत आहे, पण झोटेरोच्या नोंदीत असा रकानाच नाही. मग ती गेली कुठे? झोटेरोने येथे थोडा प्रामाणिकपणा दाखवला आहे. ज्या मजकुराला जागा सापडली नाही तो तिने नोंदीखाली एक वेगळे टिपण करून त्यात ठेवला होता. त्या टिपणाचा आरंभ `The following values have no corresponding Zotero field` असा असतो आणि त्याला `_RIS import` ही खूणचिठ्ठी लावलेली असते. आयात झाल्यावर खूणचिठ्ठ्यांच्या यादीत ही एक चिठ्ठी निवडली की बेवारस मजकूर असलेली सगळी टिपणे एकत्र दिसतात. लेखकांचे पत्तेही त्यातच सापडतात. ही टिपणे कचरा समजून एकदम पुसून टाकू नयेत. माझा कपाटातील छायाप्रतींचा सगळा पत्ता त्यांतच होता.

तिसरी ओळ `ID` ची. 412 हा एंडनोटने त्या नोंदीला दिलेला क्रमांक. तो फाइलीत आहे, पण झोटेरोमध्ये कुठेही उरत नाही. तेथे नोंदीला स्वतःची नवी ओळख मिळते. एरवी याचे दुःख नाही. पण एंडनोटने वर्डमधील हस्तलिखितात जे अवतरण घातलेले असते, ते लेखक, वर्ष आणि हाच क्रमांक यांच्या आधारे मूळ नोंद शोधते. झोटेरोला ती अवतरणे ओळखता येत नाहीत. अर्धवट लिहिलेला शोधनिबंध असेल तर तो जुन्या प्रणालीतच पूर्ण करावा, किंवा प्रत्येक अवतरण हाताने पुन्हा घालण्याची तयारी ठेवावी. मधला मार्ग नाही.

या अनुभवानंतर मी आयात केलेला सगळा संग्रह झोटेरोमधून काढून टाकला आणि नव्याने सुरुवात केली. या वेळी आधी चाचणी. आपण क्ष-किरण तपासणीत रंगद्रव्य पाजतो आणि ते कुठवर जाते हे पाहतो, तीच युक्ती केली. एंडनोटमध्ये एक रिकामे ग्रंथालय उघडले, त्यात एकच लटकी नोंद तयार केली आणि मी वापरत असलेल्या प्रत्येक रकान्यात एक वेगळा, एरवी कुठेही न आढळणारा शब्द लिहिला: `Label` मध्ये `QXLABEL`, `Custom 3` मध्ये `QXC3`, `Notes` मध्ये `QXNOTES`, `Accession Number` मध्ये `QXACC`, याप्रमाणे. एका रकान्यात मुद्दाम ‘चाचणी’ हा देवनागरी शब्दही टाकला. मग ती एक नोंद निर्यात केली, फाइलीत `QX` शोधले, आयात केली आणि झोटेरोच्या शोधचौकटीत `All Fields & Tags` हा पर्याय ठेवून पुन्हा `QX` शोधले. हा शोध टिपणांतही होतो. जो शब्द फाइलीत नाही तो निर्यातीत गळाला; जो फाइलीत आहे पण झोटेरोमध्ये नाही तो आयातीत गळाला; आणि जो दोन्हीकडे आहे, तो कोणत्या रकान्यात उतरला हे डोळ्यांनी पाहायचे. देवनागरी शब्द प्रश्नचिन्हांत बदलला नाही ना, हेही त्यातच कळते. फाइल नोटपॅडमध्ये केवळ पाहावी, जतन करू नये; चुकून जुन्या एएनएसआय पद्धतीने जतन झाली तर मराठी मजकूर कायमचा जातो.

या चाचणीत एक तिसराच प्रकार उघड झाला: मजकूर हरवत नाही, पण चुकीच्या घरी उतरतो. पबमेडमधून एंडनोटमध्ये आणलेल्या लेखांचा पबमेड क्रमांक `Accession Number` या रकान्यात असतो आणि फाइलीत तो `AN` म्हणून लिहिला जातो. झोटेरो त्याला `Loc. in Archive` येथे ठेवते. झोटेरो स्वतः पबमेडवरून लेख घेते तेव्हा तोच क्रमांक `Extra` मध्ये `PMID:` असे लिहून ठेवते. म्हणजे क्रमांक आहे, पण पबमेड क्रमांक म्हणून त्याची ओळख नाही. काही संदर्भशैली तर तो दस्तऐवजाच्या अभिलेखागाराचा पत्ता समजून सूचीत छापूनही टाकतात. आपल्या निबंधाच्या शेवटी प्रत्येक संदर्भापुढे एखादा अनोळखी आठ आकडी क्रमांक दिसला, तर त्याचे निदान येथे करावे.

आणखी एक दोष असा की जो स्थलांतराने निर्माण होत नाही, फक्त उघडा पडतो. एंडनोटमध्ये संस्थेचे नाव लेखक म्हणून लिहिताना शेवटी स्वल्पविराम द्यावा लागतो, नाहीतर ती शेवटच्या शब्दाला आडनाव समजते. मी कित्येक ठिकाणी तो विसरलो होतो. त्यामुळे भारतीय बालरोगतज्ज्ञ परिषदेचे नाव फाइलीत असे उतरले:

```
AU  - Pediatrics, Indian Academy of
```

झोटेरो बिचारी ते जसेच्या तसे स्वीकारते आणि ‘पीडियाट्रिक्स’ नावाचा एक नवा लेखक जन्माला येतो. झोटेरोमध्ये लेखकाच्या स्तंभावर क्रम लावून ‘ऑर्गनायझेशन’, ‘अकॅडमी’, ‘ग्रुप’ अशा आडनावांकडे एकदा नजर टाकली की अशी मंडळी चटकन सापडतात.

आता उपाय. शेऱ्यांसाठी निर्यातीचा नमुना बदलून त्यात नवी ओळ घालता येते, पण तेथे एक रिकामी जागा इकडची तिकडे झाली तरी बिघाड होतो. त्यापेक्षा सोपा मार्ग असा की जो मजकूर प्रवास करू शकत नाही, त्याला प्रवास करू शकणाऱ्या रकान्यात आधी बसवावे. प्रथम एंडनोट ग्रंथालयाची `Compressed Library` करून सुरक्षित प्रत बाजूला ठेवली, कारण पुढची कृती एकदा झाली की उलटवता येत नाही. मग यादीत `Custom 3` चा स्तंभ घेऊन त्यावर क्रम लावला, म्हणजे रिकाम्या आणि भरलेल्या नोंदी वेगळ्या झाल्या. भरलेल्या तेवढ्याच पडद्यावर ठेवून `Change/Move/Copy Fields` या सोयीने आधी प्रत्येक शेऱ्याच्या आरंभी ‘शेरा:’ हा शब्द घातला आणि मग `Custom 3` ची नक्कल `Notes` मध्ये, तेथील मजकुराच्या पुढे केली. नक्कल करावी, स्थलांतर करू नये. मूळ जागी मजकूर राहिलेला बरा. `Notes` हा रकाना फाइलीत `N1` म्हणून जातो आणि झोटेरोमध्ये नोंदीखालच्या टिपणात सुखरूप उतरतो.

एंडनोटमधील गटांचेही तसेच. कावीळ, अतिसार, आकडी असे मी पाडलेले गट आरआयएस फाइलीत येतच नाहीत, कारण गट हा नोंदीचा रकाना नसतो. म्हणून प्रत्येक गट उघडून, त्यातील नोंदींच्या `Keywords` मध्ये स्वतंत्र ओळीवर ‘गट कावीळ’ असा शब्द त्याच सोयीने जोडला. झोटेरोमध्ये तो खूणचिठ्ठी होऊन आला. चिठ्ठी निवडायची, दिसतील त्या नोंदी उचलून नव्या संग्रहात टाकायच्या. प्रत्येक गट वेगळा निर्यात करण्याचा मोह टाळावा, कारण दोन गटांत असलेला लेख दोनदा येतो. नोंद ग्रंथालयात केव्हा घातली ती तारीख मात्र वाचवता आली नाही. झोटेरोमध्ये सगळ्यांची तारीख आयातीच्या दिवसाचीच लागते.

दुसऱ्या निर्यातीनंतर आयात करण्यापूर्वी मी फाइलीतील ओळी मोजल्या. विंडोजच्या आज्ञापटलावर एवढेच टंकावे लागते:

```
find /c "TY  - " library.txt
find /c "LB  - " library.txt
find /c "N1  - " library.txt
```

पहिला आकडा नोंदींचा, दुसरा खोके-क्रमांकांचा, तिसरा टिपणांचा. एंडनोटमध्ये स्तंभावर क्रम लावून जे आकडे काढले होते त्यांच्याशी हे पडताळून पाहिले. एकूण नोंदींच्या आकड्यावर मी पहिल्या दिवशी भुललो होतो. खरे निदान प्रत्येक रकान्याच्या आकड्यात असते. पीडीएफ फाइलींबद्दल एक वाक्य सांगायला हवे. त्या सोबत न्यायच्या असतील तर निर्यातीची फाइल ग्रंथालयाच्या `.Data` या कप्प्यातच ठेवावी, म्हणजे झोटेरोला त्यांचा मार्ग सापडतो. पीडीएफच मुख्य असतील त्यांनी एंडनोटच्या एक्सएमएल निर्यातीचा विचार करावा. झोटेरोचे मार्गदर्शनही तेच सुचवते. मी आरआयएस निवडली ती केवळ एवढ्यासाठी की ती मला माझ्या डोळ्यांनी वाचता येते.

या सगळ्याचे तात्पर्य मला असे वाटते. स्थलांतरात लेखक, शीर्षक, खंड, पृष्ठ हे रकाने सहसा टिकतात, आणि नेमके तेच जगाच्या मालकीचे असतात. ते हरवले तरी पबमेड क्रमांक किंवा डीओआय झोटेरोला दिला की क्षणात परत मिळतात. हरवतात ते आपण स्वतः घातलेले रकाने: शेरा, खोके-क्रमांक, गट. ते जगात दुसरीकडे कुठेही नसतात, आणि त्यांच्या हरवण्याची घंटा वाजत नाही. म्हणून पडताळणीचा क्रम उलटा हवा: आधी आपले, मग जगाचे. आणि जे आज कोणत्याही प्रणालीत नवे ग्रंथालय उभारत आहेत त्यांना माझी विनंती आहे की, आपला स्वतःचा शब्द शोभिवंत खास रकान्यात न ठेवता साध्या टिपणात किंवा शोधशब्दांत लिहावा. प्रणाली बदलत राहतील. साधा मजकूरच सगळ्यांना वाचता येतो.

जुने एंडनोट ग्रंथालय मी अजून पुसलेले नाही. सुरक्षित प्रत वर्षभर तशीच ठेवणार आहे, कारण आठवत नसलेला एखादा रकाना नेमक्या गरजेच्या दिवशीच आठवतो. मागच्या आठवड्यात क्रेमर यांचा लेख पुन्हा उघडला. खाली टिपणात ‘शेरा:’ असा शब्द होता, आणि पुढे सरांचे ते वाक्य. ते विद्यार्थ्यांना वाचून दाखवले, आणि मग आम्ही सगळे वॉर्डात अर्भक पाहायला गेलो.